वि-रिकामी जागा-र

परवा भाचीने एक कागद पुढे केला. "मामा, वाच आणि फक्त शुद्धलेखन बघ. मत नकोय."

आता मत नकोय म्हटल्यावर मत असणारच ना? म्हणून ते तिला न देता इथे लिहितोय.

भाची अकरावीला आहे, चिखलीत राहते. भाऊजी चाकणला कंपनीत, पाळी दर आठवड्याला बदलते. शिक्षण सगळं इंग्रजी माध्यमातून. मराठी बोलते फर्डी, वाचते मात्र रेल्वेच्या क्रॉसिंगपाशी गाडी चालवावी तशी, थांबत थांबत. घरात माझी आई, म्हणजे तिची आजी. आईचा सकाळचा कार्यक्रम ठरलेला असायचा: चहा, पेपर, शब्दकोडं. लातूरहून इकडे आल्यावर तिच्या ओळखीचं असं जे थोडं उरलं त्यात ते कोडं होतं. मग आमच्याकडे येणाऱ्या पेपरने (नाव कशाला घ्या) जागेच्या अडचणीपायी ते बंद केलं. आईने आठवडाभर वाट पाहिली, मग पेपर घडी न मोडता तसाच पडून राहायला लागला. हे भाचीने पाहिलं आणि थेट संपादकांना पत्र लिहिलं.

पत्राची सुरुवात अशी:

"मा. संपादक यांस, स.न.वि.वि. आपल्या दैनिकात आठवड्यातून एकदा, रविवारी, शब्दकोड्यांचे सदर सुरू करावे अशी विनंती आहे. रोज जागा नसेल हे मी समजू शकते. सोबत काही कल्पना आणि मी तयार केलेले एक कोडे पाठवत आहे."

पुढे कल्पना आहेत. पहिली, आपल्या भागातल्या गावांची नावं अक्षरांच्या जाळ्यात लपवायची: भोसरी, निगडी, आकुर्डी, मोशी, तळवडे, आळंदी. दुसरी, शब्दांचा जिना. एका वेळी एकच अक्षर बदलायचं आणि दर पायरीवर खरा शब्द हवा. तिने 'नगर'पासून 'गजरा' गाठला आहे: नगर, नजर, गजर, गजरा. (हा खेळ 'अ‍ॅलिस'वाल्या लुइस कॅरलने 1877 साली काढला. भाचीला हे ठाऊक नव्हतं, तिला तो स्वतःचा शोध वाटला. मी सांगितलं नाही.) तिसरी कल्पना म्हणजे नेहमीचं आडवं-उभं शब्दकोडं. आणि चौथी, दर आठवड्याला बरोबर उत्तरांतून चिठ्ठी काढून पाचशे रुपये बक्षीस.

पहिल्या दोन मला आवडल्या. तिसरीवर बोलायचं आहे. चौथीवर तर जास्तच.

आधी तिसरी. भाचीने पहिला प्रयत्न इंटरनेटवरच्या एका इंग्रजी कोडी बनवणाऱ्या पानावर केला. शब्द मराठीत टाकले आणि बटण दाबलं. 'पुस्तक' हा शब्द चौकटीत उतरला तो असा: एका घरात प, दुसऱ्यात नुसता उकार, तोही एका ठिपक्याठिपक्यांच्या गोलाला लटकलेला, मग स, मग एकटाच पायमोडका, मग त, मग क. तीन अक्षरांच्या शब्दाला सहा घरं. संगणक आतमध्ये मात्रा आणि पायमोड वेगळ्या मोजतो, आणि ते पान इंग्रजीसाठी बनवलेलं, म्हणून त्याने त्या तशाच सुट्या वाटून टाकल्या. आजीने छापील कागद पाहिला आणि विचारलं, "हे गोल गोल काय आहे, दाण्याचे लाडू?"

तर पहिला धडा हा की मराठी कोड्याचं घर म्हणजे एक अख्खं अक्षर. पु एका घरात, स्त एका घरात, क एका घरात. जोडाक्षर कितीही अवघड असो, घर एकच. आईच्या पिढीला हे कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणी 'ती होडी जाडी होती' हे उलटंसुलटं वाचताना सगळेच अक्षरानेच उलटतात, मात्रा वेगळी काढून कुणी उलटत नाही.

पण घर म्हणजे अक्षर असं ठरवलं की पुढची भानगड सुरू होते. इंग्रजीत घरात बसू शकणारे उमेदवार सव्वीस. आपल्याकडे बाराखडीचा तक्ता घेतला तर चारशेच्या आसपास, आणि जोडाक्षरं त्यापलीकडे. म्हणजे दोन शब्द एका घरात अचूक एकमेकांना भेटण्याची शक्यता खूपच कमी. इंग्रजी कोड्यासारखं घट्ट विणलेलं, कमी काळी घरं असलेलं जाळं मराठीत का जमत नाही, ते यात आहे. आपल्या कोड्यांत काळी घरं जास्त आणि शब्द दोन-तीन-चार अक्षरी असतात ते कोडं करणाऱ्याच्या आळसामुळे नव्हे.

भाचीने पत्रासोबत पाठवलेलं कोडं छोटं आहे. तीन बाय तीन, सगळी घरं भरलेली, आणि आडवं वाचा की उभं, तेच तीन शब्द. ते तिने कसं केलं ते तिच्या वहीत दिसतं, आणि खरी मजा त्या खोडाखोडीत आहे.

पहिल्या ओळीत तिने आधी 'कमळ' लिहिलं. लगेच अडकली. कारण पहिल्या ओळीतलं तिसरं अक्षर हे तिसऱ्या उभ्या शब्दाचं पहिलं अक्षर, आणि ळ ने मराठीत शब्द सुरू होत नाही. ण ने पण नाही. म्हणून आपलं 'चाकण' अशा चौकोनाच्या पहिल्या ओळीत कधीच बसणार नाही; त्याला तळाची ओळ दिली तर ण वर उभा शब्द संपेल, सुरू होणार नाही.

मग तिने 'कविता' घेतली. आता दुसरी ओळ वि ने सुरू होणार आणि तिसरी ता ने. वि वर उभा शब्द सुरू होतोय म्हणून ठीक आहे. तिथे तो संपत असता तर पुन्हा अडचण होती. कारण 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांपासून आपण कवी, बुद्धी, गुरू असे शब्द शेवटी दीर्घच लिहितो. आणि, नि, परंतु, तथापि असे मोजके सोडले तर र्‍हस्व इकार-उकारावर मराठी शब्द संपतच नाही. तेव्हा ज्या घरात वि, चि, गु असं काही आहे तिथे दुसरा शब्द सुरू करा किंवा त्यातून आरपार न्या, पण संपवू नका. हा नियम कुठल्या पुस्तकात वाचून नव्हे, तर खोडरबर झिजवून तिला कळला. मी शुद्धलेखन शाळेत मार खाऊन शिकलो आणि तिने चौकटी भरत शिकलं. तिची पद्धत बरी.

दुसऱ्या ओळीत तिने आधी 'विमान' बसवलं. मग तिसरी ओळ 'तान-' अशी सुरू व्हायला हवी आणि तिसऱ्या घरात शब्द पूर्ण व्हायला हवा. तानपुरा चार अक्षरी. तानाजी ना मुळे बाद. विमान खाली उतरवलं. मग 'विचार' आलं, शेवटी र, आणि त्यावरून तिसरी ओळ 'तारका'. झालं:

क वि ता
वि चा र
ता र का

आडवं वाचा, उभं वाचा. मी दहा मिनिटं ते बघत बसलो होतो, खोटं कशाला सांगू.

मग आईकडे रिकामा चौकोन दिला. आडव्या दुसऱ्यासाठी भाचीने सूत्र दिलं होतं, 'मनात येतो'. आईने कविता भरली, तारका भरली आणि मध्ये लिहिलं: विकार.

भाची म्हणाली, "आजी, चुकलं. विचार आहे."

आई म्हणाली, "मनात विकार येत नाही होय? तुला अजून यायचेत, मला ठाऊक आहेत."

आणि आईचंच बरोबर होतं. माझं सगळं म्हणणं याच एका घराभोवती आहे, म्हणून जरा थांबतो. वि-रिकामी जागा-र. तिथे विचार बसतो, विकार बसतो, विहार, विखार, विवर, विहीर, सगळे बसतात. या चौकोनात आडवं आणि उभं एकच असल्यामुळे मधल्या घराला तपासणारा दुसरा शब्दच नाही. नेहमीच्या कोड्यातही काळी घरं जास्त असल्याने बरीच अक्षरं अशी एकटी राहतात, कोणताही दुसरा शब्द त्यांना ओलांडत नाही. इंग्रजी कोड्यात सूत्र थोडं ढिलं असलं तरी बाजूचे शब्द सांभाळून घेतात. मराठीत सगळा भार सूत्रावर येतो. सूत्र ढिलं असेल तर सोडवणारा चुकत नाही, त्याला चुकवलं जातं.

आणि म्हणूनच चौथी कल्पना, पाचशे रुपयांचं बक्षीस, मला नको वाटते.

शब्दकोड्यांवर पैसे लावायचा प्रकार आपल्या देशात होऊन गेला आहे, आणि तो ह्याच रिकाम्या जागेतून आला होता. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत बक्षिसांची शब्दकोडी जोरात होती. प्रवेशिकेसोबत फी भरायची, कूपन पाठवायचं, बक्षीस हजारांत. शोधसूत्राला दोन शब्द सारखेच बसत, एका अक्षराचा फरक, अगदी आमच्या विचार-विकारासारखा. बरोबर कोणता ते चालकांकडे आधीच ठरलेलं. भाषा येणारा माणूस आणि न येणारा माणूस त्या घरापाशी सारखेच आंधळे. मग हुशार मंडळी काय करणार? एका शब्दाचं एक कूपन, दुसऱ्या शब्दाचं दुसरं कूपन. अशी दोन-दोन पर्यायांची पाच घरं असली तर सगळ्या शक्यता पुऱ्या करायला बत्तीस कूपनं लागतात. दहा असली तर एक हजार चोवीस. फी कुणाच्या खिशात जात होती ते सांगायला नको.

मुंबई राज्याने 1948 मध्ये सोडती आणि अशा बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा केला. बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकाची बक्षीस-कोडी मुंबई राज्यात खूप खपत होती, त्यांच्या चालकांनी त्याविरुद्ध दाद मागितली. दिल्लीच्या संसदेने 1955 मध्ये अनेक राज्यांसाठी बक्षीस स्पर्धांचा कायदा केला. त्यात महिन्याला एक हजार रुपयांवर बक्षिसं जाणाऱ्या स्पर्धांना बंदी होती, त्याखालच्यांना परवाना आणि एका स्पर्धेला दोन हजारांहून अधिक प्रवेशिका नाहीत, अशी वेसण होती. दोन्ही कायद्यांवरचे निकाल सर्वोच्च न्यायालयाने 9 एप्रिल 1957 रोजी दिले, आणि दोन्हीत कोडीवाले हरले. पण न्यायालयाने एक रेघ स्पष्ट ओढली: ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे ती जुगार नाही आणि तिला हा कायदा लागू नाही.

आता माझ्या भाचीचे पाचशे रुपये म्हणजे जुगार, असं मी म्हणत नाहीये. तिने फी मागितलेली नाही, आणि चिठ्ठीसुद्धा बरोबर उत्तरांतूनच काढायची आहे. मुद्दा असा की बक्षीस आलं की सदराचं लक्ष्य बदलतं. हजार बरोबर उत्तरं आली तर संपादकांना ती कमी करायची असतात, आणि ती कमी करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सूत्र ढिलं ठेवणं. कठीण कोडं करायला मेहनत लागते. संदिग्ध कोडं करायला काहीच लागत नाही. आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोन्हीत लोक अडतात. फरक ओळखायची एकच खूण आहे: उत्तर कळल्यावर माणूस "अरेच्चा!" म्हणाला तर कोडं कठीण होतं, "असं कसं?" म्हणाला तर संदिग्ध. आई "असं कसं" म्हणाली होती.

भाचीने मग सूत्र बदललं. नवं सूत्र असं: ' "– करून सांगतो" म्हणजे बहुधा नकार '. इथे विकार बसत नाही, विहार बसत नाही, विहीर तर नाहीच. फक्त विचार बसतो. आईने वाचलं आणि हसून म्हणाली, "हे तुझ्या आजोबांचं वाक्य." तारकेसाठी तिने 'आकाशात असते, सिनेमातही असते' असं केलं. त्यातही आधीचं सूत्र होतं 'चमकते', जे कुठल्याही गोष्टीला लागू पडतं.

आणखी एका ठिकाणी माझं तिच्याशी जुळत नाही. पत्रात तिने लिहिलंय, कोड्यात इंग्रजी शब्द अजिबात नसावेत. इंग्रजी माध्यमातली मुलं हे नेहमी जास्त कडकपणे म्हणतात. माझं म्हणणं, जो शब्द आजी न अडखळता बोलते तो मराठी कोड्यात यावा. बस, कंपनी, स्टेशन, पगाराची स्लिप. चाकण-भोसरी पट्ट्यात पाळीला पाळीही म्हणतात आणि शिफ्टही, आणि दोन्ही घरात जेवताना ऐकू येतात. अट एकच असावी, तो शब्द देवनागरीत एकाच प्रकारे लिहिला जात असला पाहिजे. 'कंपनी' एकाच प्रकारे लिहितात, चालेल. 'कॉलेज' कुणी कॉलेज लिहितं, कुणी कालेज. तो नको, कारण ओलांडणारा शब्द कॉ वर अडेल.

याच कारणासाठी सदराच्या डोक्यावर कायमचा तीन ओळींचा नियम छापावा, असं मी तिला सुचवलं आणि ते तिने पत्रात घातलं. एक, जोडाक्षर एका घरात. दोन, र्‍हस्व-दीर्घ वेगळे मानले आहेत. तीन, शब्द मूळ रूपात आहेत, त्यांना विभक्ती लागलेली नाही. हा तिसरा नियम किरकोळ वाटेल, पण 'फूल'चं 'फुलाला' होतं आणि 'गरीब'चं 'गरिबाला', म्हणजे विभक्ती लागली की आधीचं घरच बदलतं आणि ओलांडणारा शब्द मोडतो. दुसरा नियम किती कडक पाळायचा यावर मात्र घरात वाद झाला. 'चिमा काय कामाची' हे आपण पिढ्यान्‌पिढ्या उलटसुलट सारखं म्हणत आलो, पण त्यात सुरुवातीला चि आहे आणि शेवटी ची. नियमाने ते बाद. आई म्हणाली, "कानाला सारखं लागतं ना? मग झालं." तोंडी खेळात कानाचं राज्य, छापील चौकटीत डोळ्याचं, अशी तडजोड झाली.

बक्षिसाऐवजी काय? भाचीचीच एक ओळ पत्रात खाली होती, ती मी वर घ्यायला लावली: पुढच्या रविवारी उत्तरासोबत प्रत्येक सूत्राचं एका ओळीत स्पष्टीकरण छापावं, आणि वाचकाने दुसरा बसणारा शब्द दाखवला तर तोही त्याच्या नावासकट छापावा. माझ्या मते हेच खरं बक्षीस. आईचं 'विकार' असं छापून आलं असतं तर तिने तो पेपर गादीखाली जपून ठेवला असता. शिवाय कोडं करणाऱ्यावर वचक राहतो. दर रविवारी दहा-बारा "असं कसं" छापावे लागले तर तो सूत्रं आपोआप घट्ट करेल.

पत्र पोस्टाने गेलं आहे. भाचीने मेल करायचं म्हटलं होतं, आजीने पाकीट हवं असा हट्ट धरला. उत्तर अजून नाही. भाऊजींची या आठवड्यात रात्रपाळी आहे, त्यामुळे ते सकाळी घरी येतात तेव्हा आजी आणि नात चौकोन घेऊन बसलेल्या असतात आणि चहा कुणीच टाकलेला नसतो, अशी त्यांची तक्रार आहे.

असो. मंडळी, तुमच्यासाठी भाचीचं पुढचं कोडं देतो. तीन बाय तीन, आडवं-उभं सारखंच, जोडाक्षर एकही नाही.

1. आठवड्यात सात, तिसऱ्या पाळीवाल्याचा झोपेत जातो.
2. काळा कोट, पण तिकीट विचारत नाही.
3. मध्ये खंड न पडता.

दुसरा बसणारा शब्द सापडला तर जरूर कळवा, पुढच्या रविवारी नावासकट देईन. आईचं सोडवून झालंय. ती म्हणते सोपं आहे, पण दुसरं सूत्र वाचून ती "अरेच्चा" म्हणाली होती, मी ऐकलंय.